पिवळ्या बलकाचा रंग आणि अंड्याचा कस

बेळगाव आणि निपाणीच्या बाजारांत गावरान अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. तो भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाला कारण विचारल्यास तो बहुधा पिवळ्या बलकाच्या रंगाकडे बोट दाखवितो. गावरान अंड्याचा बलक नारिंगी असतो म्हणून त्यात कस अधिक आणि फार्मच्या अंड्याचा फिकट म्हणून ते निःसत्त्व, असा हा हिशेब आहे. शाळांतून मुलांना अंडी मिळू लागल्यापासून हाच प्रश्न शिक्षकांपुढेही येतो. उकडलेले अंडे कापल्यावर आत फिकट पिवळा गोळा दिसला की, पुरवठादाराने हलका माल दिला असावा, अशी शंका पालक घेतात. ही शंका खरी की खोटी हे ठरविण्यासाठी बलकात रंग येतो कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे.

बलकाचा रंग कोंबडी स्वतः तयार करीत नाही. तो तिच्या खाद्यातून येतो. वनस्पतींत झँथोफिल नावाच्या पिवळ्या रंगद्रव्यांचा एक गट असतो. ही द्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात, कोंबडीच्या आतड्यातून रक्तात शोषली जातात आणि रक्तावाटे अंडाशयात वाढणाऱ्या बलकात जाऊन साठतात. पिवळ्या मक्यात ती पुष्कळ असतात, हिरव्या पाल्यात त्याहून जास्त असतात. फक्त पाल्यातील हिरव्या रंगाखाली ती झाकलेली राहतात. उलट तांदळाची कणी, ज्वारी, बाजरी, गहू आणि पांढरा मका यांत ती नाममात्रच असतात. गाजराला नारिंगी रंग देणारे कॅरोटीन हे द्रव्य याच कुळातले असले तरी कोंबडी त्याचा बराचसा भाग अ जीवनसत्त्वात बदलून टाकते आणि बलकात ते फारसे उतरत नाही. त्यामुळे कोंबडीला गाजरे घालून बलक गडद होईल, ही अपेक्षा फोल ठरते. गाजर वाया मात्र जात नाही.

एवढे लक्षात घेतले म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच एका गावचा बलक दुसऱ्या गावच्या बलकासारखा का नसतो, याचा उलगडा होतो. खानापूर तालुका भाताचा आहे. तेथील खुराड्यातील कोंबडीला कणी, कोंडा आणि खळ्यावर सांडलेले भात मिळते. पूर्वेकडील ज्वारीच्या पट्ट्यातील कोंबडी ज्वारी टिपते. ज्या घरी मका पिकतो तेथील कोंबडीला पिवळे दाणे मिळतात. कणी वा ज्वारीवरच वाढलेल्या, बाहेर हिरवे न मिळणाऱ्या कोंबडीचा बलक फिकट निघतो, मग ती जातीने कितीही अस्सल गावरान असो. याच कारणाने एकाच कोंबडीच्या बलकाचा रंग ऋतूप्रमाणेही बदलतो. चैत्र-वैशाखात बांध करपलेले असतात आणि बलक उतरलेला दिसतो. मृगाचा पाऊस पडून गवत व रानभाज्या उगवल्या की तोच बलक केशरी होऊ लागतो. योगायोग असा की, पाला भरपूर असल्याने बलक जेव्हा सर्वांत गडद असतो तो काळ श्रावणाचा, आणि नेमक्या त्याच महिन्यात कित्येक घरांत अंडे वर्ज्य असते.

बलक कसा रंगतो

कोंबडीच्या अंडाशयात लहानमोठ्या बलकांचा घोसच असतो. अंडे घालण्यापूर्वीच्या साधारण आठ-दहा दिवसांत त्यांपैकी एकेक बलक झपाट्याने वाढतो, आणि ही वाढ कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर चढून होते. ज्या दिवशी जे खाद्य पोटात गेले, त्याचा रंग त्या दिवसाच्या थरात उतरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना सूडान नावाचा तांबडा रंग खाऊ घालून, अंडी उकडून कापली आणि बलकातील तांबडी वर्तुळे पाहूनच ही गोष्ट सिद्ध केली. या सूडान रंगाचा उल्लेख पुढे वेगळ्या कारणासाठी पुन्हा करावा लागणार आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, खाद्य बदलल्यावर दोन-तीन दिवसांनी बलकाचा रंग बदलू लागतो आणि दहा-बारा दिवसांत तो पूर्ण बदलतो. एका छोट्या कोंबडीपालकाचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे अंड्यावरील वीस कोंबड्या आहेत. प्रत्येक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वीस कोंबड्यांना रोज सव्वादोन किलोच्या आसपास खाद्य लागते. तो एका वेळी १०० किलो खाद्य कालवतो आणि त्यात ५५ किलो पिवळा मका असतो. एका किलो पिवळ्या मक्यात साधारणतः २० मिलिग्रॅम झँथोफिल धरले, तर ५५ किलो मक्यातून ११०० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे प्रत्येक किलो खाद्यामागे ११ मिलिग्रॅम. एवढ्यावर बलक स्वच्छ पिवळा होतो, पण नारिंगी होत नाही. आता मका महाग झाला म्हणून त्याने निम्मा मका काढून त्याजागी कणी घातली. रंगद्रव्य लगेच निम्म्यावर येते आणि दोन आठवड्यांच्या आत गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभे राहते. कोंबड्या तेवढीच अंडी देत आहेत, खाद्यातील पेंड, चुना व जीवनसत्त्वांचे मिश्रण पूर्वीइतकेच आहे, अंड्यातील प्रथिने जशीच्या तशी आहेत. कमी झाला तो फक्त रंग, आणि रंगाबरोबर ते रंगद्रव्य.

मका तेवढाच ठेवूनही कधी कधी रंग उतरतो. वर्षभर पोत्यात राहिलेल्या मक्यातील रंगद्रव्य हळूहळू नष्ट होत जाते. बुरशी आलेल्या दाण्यातील विषामुळे कोंबडीच्या शरीरात रंग नीट शोषला जात नाही. पोटात जंत झाले किंवा रक्ती हगवणीचा विकार झाला तरी हाच परिणाम होतो. म्हणून खाद्य न बदलता सगळ्या कळपाचा बलक एकाएकी फिका पडला, तर खाद्यात रंग मिसळण्याऐवजी आधी मक्याचे पोते उघडून वास घ्यावा आणि कोंबड्यांची विष्ठा पाहावी. अशा वेळी फिकट बलक हा रोगाची खूण ठरू शकतो. रंगाचा हा एक खरा उपयोग आहे, पण तो कोंबडीपालकाला, गिऱ्हाइकाला नव्हे.

गावरान कोंबडीच्या बलकाचा रंग गडद असण्यास हिरव्या पाल्याखेरीज आणखी एक कारण आहे. फार्मवरील संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. गावरान कोंबडीची अंडी त्यामानाने फारच थोडी असतात आणि मध्ये खुडूक बसण्याचा काळही जातो. खाल्लेला रंग थोड्या अंड्यांत वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येतो. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत हे उघड दिसते. अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या पायांत व चोचीत रंग साठून ती पिवळीधमक राहतात आणि अंड्यावर आल्यावर काही महिन्यांत तेच पाय पांढुरके पडतात, कारण सारा रंग बलकाकडे जातो. कोंबडी विकत घेताना पायांचा रंग पाहण्याची जुनी रीत आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे. बाजारात पिवळे पाय सुंदर दिसतात, पण ती कोंबडी बहुधा अंड्यावर नसते.

रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

मूळ प्रश्न असा की, गडद नारिंगी बलकाचे अंडे अधिक पौष्टिक असते काय? एका बाबतीत निश्चित होय. झँथोफिल गटातील ल्युटीन व त्याच्या जोडीची काही द्रव्ये माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरील पिवळ्या ठिपक्यात साठतात व तेथे त्यांचा उपयोग होतो. मका आणि पाला खाऊन पिवळ्या झालेल्या बलकात ती अधिक असतात आणि अंड्यातील स्निग्धांशामुळे ती शरीराला सहज मिळतात. परंतु अंडे ज्यासाठी मुलांना दिले जाते ती प्रथिने, तसेच लोह, ब-१२ जीवनसत्त्व यांचा बलकाच्या रंगाशी संबंध नाही.

सर्वाधिक गैरसमज अ जीवनसत्त्वाविषयी आहे. पिवळे ते अ जीवनसत्त्वाचे, असे शाळेत शिकविले जाते आणि पपई, गाजर यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. परंतु शुद्ध अ जीवनसत्त्वाला नारिंगी रंग नसतो. बलकाला रंग देणाऱ्या ल्युटीनपासून अ जीवनसत्त्व तयारच होत नाही. फार्मवरील खाद्यात हे जीवनसत्त्व वेगळे मिसळलेले असल्याने फिकट बलकातही ते भरपूर असू शकते. तीच गोष्ट जवसाची. खाद्यात जवस घातल्याने बलकातील स्निग्धांश हृदयाला हितकर अशा प्रकारचा होतो, पण बलकाचा रंग त्याने वाढत नाही. याच्या उलट, मोकळ्या हवेत फिरून गवत खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ई जीवनसत्त्व व हा हितकर स्निग्धांश अधिक आढळतो आणि उन्हामुळे ड जीवनसत्त्वही वाढते. तेथे गडद रंग आणि चांगला कस एकाच कारणातून, म्हणजे पाला व ऊन यांतून, येतात. मात्र पिंजऱ्यातील कोंबडीच्या खाद्यात रंग घालून तितकाच गडद बलक मिळविता येतो. तेथे रंग येतो, पाला आणि ऊन येत नाहीत. डोळ्यांनी या दोन बलकांत फरक करता येत नाही, आणि अडचण नेमकी हीच आहे.

झेंडू आणि मिरची

खाद्यातून रंग वाढविण्याचा उद्योग जगभर उघडपणे चालतो. रोश या स्विस कंपनीने बलकाचा रंग मोजण्यासाठी फिकट पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत १५ पट्ट्यांचा एक पंखा तयार केला. अंडे फोडून त्याशेजारी पंखा धरायचा आणि जुळणाऱ्या पट्टीचा क्रमांक लिहायचा, अशी ती पद्धत आहे. जर्मनीतील गिऱ्हाइकाला गडद क्रमांक लागतो, तर युरोपातील काही देशांत फिकट बलकच पसंत केला जातो. एका देशात जो रंग कसदारपणाचा मानला जातो तो दुसऱ्या देशात नापसंत होतो, यावरूनच ही बाब सवयीची असल्याचे दिसते.

पंख्याच्या मधल्या पट्ट्यांपर्यंत पिवळ्या रंगद्रव्याने पोहोचता येते. त्यापुढे कितीही पिवळे घातले तरी बलक अधिक पिवळा होतो, नारिंगी होत नाही. नारिंगीसाठी पिवळ्यावर थोडे तांबडे चढवावे लागते. पिवळ्यासाठी जगात सर्वाधिक वापर होतो तो झेंडूच्या पाकळ्यांचा. कर्नाटकात गुंडलुपेट भागात याच कामासाठी झेंडूची शेती केली जाते. तांबड्यासाठी मिरची वापरतात. संकेश्वरी आणि ब्याडगी या मिरच्यांच्या मुलखाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. ब्याडगी मिरचीत रंग पुष्कळ आणि तिखटपणा कमी. मिरची तिखट असली तरी कोंबडीला त्याचे काही वाटत नाही, कारण मिरचीचा जाळ ओळखणारी जी यंत्रणा माणसाच्या जिभेत असते ती पक्ष्यांमध्ये त्या द्रव्याला प्रतिसाद देत नाही. मिरचीमुळे अंडेही तिखट होत नाही.

वर सांगितलेल्या कोंबडीपालकाला हे घरच्या घरी करता येईल. दसरा-दिवाळीनंतर न खपलेला झेंडू ढिगांनी पडून असतो. गडद नारिंगी फुलांच्या पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात वाळविल्यास रंग उडतो. दहा किलो ताज्या फुलांतून किलोभर वा त्याच्या आसपास वाळलेला माल निघतो. १०० किलो खाद्यात अशी ३०० ग्रॅम पूड आणि बिया काढलेल्या ब्याडगी मिरचीची अर्धा किलो पूड मिसळून पंधरा दिवस पाहावे, रोज एक अंडे फोडून रंगाची नोंद ठेवावी आणि मग प्रमाण कमीजास्त करावे. निरनिराळ्या जातींत रंगद्रव्य निरनिराळे असल्याने सर्वांना लागू पडेल असे एकच प्रमाण देता येत नाही. शेवग्याचा वाळलेला पाला किंवा लसूणघास मिळत असेल तर झेंडूची गरजही राहत नाही.

यात दोन धोके आहेत. फुलांच्या पिकावर खाण्याच्या पिकापेक्षा अधिक बेफिकिरीने औषध फवारले जाते आणि त्याचा अंश फुलांबरोबर कोंबडीच्या पोटात, तेथून अंड्यात जाऊ शकतो. म्हणून आपण स्वतः न फवारलेलाच झेंडू घ्यावा. बाजारातला वा हारातला घेऊ नये. दुसरा धोका मिरचीचा. कोंबड्यांसाठी म्हणून जी मिरची स्वस्तात मिळते ती बहुधा डागी व बुरशी आलेली असते आणि त्या बुरशीचे विष अतिशय घातक असते. तयार पूडही घेऊ नये, कारण तिच्यात भेसळ असण्याचा संभव असतो. सन २००३ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या मिरचीच्या मालात सूडान रंग सापडला आणि त्यानंतर तेथे मोठी खळबळ उडाली. हा रंग कर्करोगकारक असल्याच्या संशयावरून खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी आहे. शास्त्रज्ञांनी बलकाचे थर मोजण्यासाठी वापरलेला रंग याच कुळातला. तो कोंबडीच्या पोटातून थेट बलकात उतरतो, हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते; आणि सन २००६ मध्ये चीनमध्ये काही बदकपालकांनी याच कुळातल्या रंगाचा उपयोग करून लालभडक बलकाची अंडी चढ्या भावाने विकल्याचे उघडकीस आले. कॅन्थाझँथिन हे कृत्रिम तांबडे द्रव्य मात्र वेगळे आहे. ते अनेक देशांत मान्य आहे, पण युरोपात अंड्यावरील कोंबड्यांच्या एका किलो खाद्यात ८ मिलिग्रॅमहून अधिक घालता येत नाही, कारण माणसाने ते फार प्रमाणात घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर त्याचे कण जमतात.

चवीचा प्रश्न

गडद बलकाचे अंडे चवीलाही चांगले लागते, असे अनेकजण सांगतात. याची परीक्षा घरी किंवा शाळेत करता येते. त्याच दिवशी घातलेली, दोन निरनिराळ्या रंगांच्या बलकांची अंडी सारखाच वेळ उकडावीत. चाखणाऱ्याचे डोळे बांधून त्याला तीन तुकडे द्यावेत, दोन एका प्रकारचे व एक दुसऱ्या प्रकारचा, आणि वेगळा तुकडा कोणता हे विचारावे. केवळ अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येणारच. त्याहून फारच अधिक जणांनी वेगळा तुकडा ओळखला तरच चवीत फरक आहे असे म्हणता येईल. रंग झाकून घेतलेल्या अशा चाचण्यांत, इतर गोष्टी सारख्या असतील तर, गडद आणि फिकट बलक चवीवरून सहसा ओळखता येत नाहीत. गावरान अंडे खरोखरच अधिक रुचकर लागते त्याची कारणे दुसरी आहेत. ते आकाराने लहान असते आणि त्यात पांढऱ्या भागाच्या मानाने बलक मोठा असतो. शिवाय ते बहुधा शेजारच्या घरून, कालपरवा घातलेले, असे मिळते. ताजेपणाचा चवीवर जेवढा परिणाम होतो तेवढा रंगाचा होत नाही.

खाद्यामुळे चव बिघडते हे मात्र खरे आहे. कोकण व गोव्याकडून येणारी सुक्या मासळीची कुटी प्रथिनांसाठी चांगली. परंतु ती जास्त झाली, तेलकट असली किंवा खवट झाली तर अंड्याला मासळीचा वास येतो. मोहरीच्या पेंडीनेही असाच वास येऊ शकतो, तोही विशेषतः तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत. वास देणारे द्रव्य शरीरात निष्प्रभ करण्याची शक्ती अशा कोंबड्यांत जन्मतःच कमी असते, आणि त्यामागील आनुवंशिक दोष सन २००५ मध्ये शोधून काढण्यात आला. एकाच कळपात, एकाच खाद्यावर, दोनचार कोंबड्यांचीच अंडी वास मारीत असतील तर हे कारण समजावे. दोष खाद्यात पेंड कमी करून जातो. जवस फार झाल्यासही अंड्याला विचित्र चव येते, ती त्याचे प्रमाण उतरविल्यावर जाते.

या भागात ज्या चुकीचा विशेष संभव आहे ती सरकीच्या पेंडीची. ही पेंड म्हशींसाठी घरोघर असते आणि तीच मूठभर कोंबड्यांना टाकली जाते. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य बलकातील लोहाशी संयोग पावते व बलक हिरवट-तपकिरी होतो. तिच्या तेलातील दुसऱ्या एका घटकाने पांढरा भाग गुलाबी होतो. अडचण अशी की, घातल्या दिवशी फोडलेले अंडे अगदी निर्दोष दिसते. काही दिवस साठविल्यावर रंग बदलतो, म्हणजे दोष पालकाला न दिसता दुकानदाराला व गिऱ्हाइकाला दिसतो. खात्री करावयाची असल्यास दोन-चार अंडी तीन-चार आठवडे थंड जागी ठेवून मग फोडून पाहावीत. अंडे फार वेळ उकडल्यास बलकाभोवती जे हिरवट कडे येते त्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. ते पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने येते आणि अंडे वेळेवर उतरवून थंड पाण्यात टाकल्यास येत नाही.

शाळेत आलेल्या अंड्यांची पारख करणाऱ्या शिक्षकाने म्हणून एक अंडे सपाट ताटलीत फोडावे आणि रंगापेक्षा आकार पाहावा. ताज्या अंड्याचा बलक घुमटासारखा उंच राहतो आणि भोवतीचा पांढरा भाग दाटपणे त्याला धरून असतो. जुन्या अंड्याचा बलक चपटा होतो आणि पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो. न फोडता पाहावयाचे असेल तर अंडे पाण्यात सोडावे. ताजे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. तळाशी आडवे बसलेल्या अंड्याचा बलक फिकट निघाला, तर त्या कोंबडीला मका कमी आणि कणी किंवा ज्वारी जास्त मिळाली होती, एवढेच त्यावरून समजते.